टांग जोरात लागली, एवढंच लिहा

सामना संपतो. घाम वाळायच्या आत स्टेटस पडतं. फोटोत कप्तान पाठमोरा, समोर मावळता सूर्य, खाली ओळ : ‘वाघ दोन पावलं मागे सरकतो तो झेप घेण्यासाठी.’

बरं. मग सामना हरलं कोण?

पार्क मैदानावर संध्याकाळी हरलेले निम्मे संघ रात्री नऊपर्यंत वाघ झालेले असतात. उरलेले निम्मे सिंह. दुपारी हे प्राणी मैदानात कुठे होते, हे त्यांच्या धावफलकावरून कळत नाही.

दुसरा लाडका मजकूर : ‘वेळ आमचीही येईल.’ येईल की. पण आज कोणाची आली होती, ते तरी सांगा. ज्यानं सामना पाहिला नाही त्याला या ओळीवरून कबड्डी होती, क्रिकेट होतं की पतसंस्थेची निवडणूक, काही कळत नाही.

आणि सगळ्यांत वाईट ओळ ही : ‘आम्ही हरलो नाही, आम्हाला हरवलं गेलं.’ प्रतिस्पर्धी, पंच, आयोजक, गुणलेखक, सगळ्यांवर एका दमात आरोप आणि नाव कोणाचंच नाही. पुरावा मागायला जावं तर कोणाकडे?

या सगळ्या ओळी शेजारी शेजारी ठेवून बघा. दोन गोष्टी एकीतही सापडणार नाहीत. निकाल काय लागला, आणि जिंकलं कोण.

आता म्हणाल, स्टेटस ते, चोवीस तासांत पुसलं जाणार, एवढं काय मनावर घ्यायचं? स्टेटस पुसलं जातं. त्याचा स्क्रीनशॉट पुढच्या मोसमात सामन्याच्या आदल्या रात्री समोरच्या संघाच्या ग्रुपवर फिरतो. त्यांना तुमच्याविरुद्ध पेटवायला दुसऱ्या भाषणाची गरज पडत नाही.

आपल्या जिल्ह्याला हे नव्यानं सांगायला नको. १४ जानेवारी २०२३ आठवा. इकडे गड्ड्याचे दिवस, तिकडे पुण्यात कोथरूडला महाराष्ट्र केसरी. माती विभागाची अंतिम कुस्ती : मोहोळचा सिकंदर शेख आणि मंगळवेढा तालुक्यातला महेंद्र गायकवाड. दोघंही सोलापूर जिल्ह्याचे. जिंकणार सोलापूर, हरणारही सोलापूर. यापेक्षा सोपा पराभव कोणाच्या वाट्याला येणार?

महेंद्रनं बाहेरील टांग लावली. पंचांनी चार गुण दिले. कुस्ती तिथं फिरली आणि महेंद्र पुढे गेला. वाद पेटला तो त्या चार गुणांवर. सिकंदरची पाठ धोक्याच्या स्थितीत गेली होती का? गेली असेल तर चार बरोबर. तो एका अंगावर पडला असेल तर दोन. प्रश्न एवढाच, आणि प्रश्न रास्त होता. कुस्ती कळणारी माणसं दोन्ही बाजूंनी बोलत होती.

पण प्रश्न तेवढाच राहिला नाही. रात्रीतून राज्यभरातल्या मोबाईलवर ती टांग थांबवून थांबवून दाखवली गेली. ज्यांनी जन्मात तालमीची पायरी चढली नाही त्यांनी पाठीचे अंश मोजले. पंचांना धमकीचा फोन गेला, पोलिसांत तक्रार झाली. आणि ज्या पोरानं डाव मारला त्याच्या नावाचं काय? ते या सगळ्या मजकुरात खाली कुठेतरी दबलं. त्याच संध्याकाळी तो महाराष्ट्र केसरीची अंतिम कुस्ती शिवराज राक्षेशी खेळला आणि मिनिटभराच्या आत हरला, हेही कित्येकांच्या लक्षात नाही.

एका कुस्तीत दोघं सोलापूरकर, आणि आपण एकाची बाजू घेण्याच्या नादात दुसऱ्याला विसरलो.

त्या रात्री सिकंदरच्या एखाद्या चाहत्यानं काय लिहायला हवं होतं? रडायचं नव्हतं, हसायचंही बळ नव्हतं, आणि गुणांचा निर्णय तर पटलाच नव्हता. तरी लिहिता आलं असतं :

‘महेंद्र जिंकला. चार गुण आम्हाला पटले नाहीत. टांग मात्र जोरात लागली.’

बघा, काय काय बसलं त्यात. विजेत्याचं नाव पहिल्या शब्दात. हरकत दुसऱ्या वाक्यात, लपवाछपवी न करता, कोणाच्या आईबहिणीपर्यंत न जाता. आणि तिसऱ्या वाक्यात हसू. ते हसू कोणावर आहे? आपल्याच पडण्यावर. शिवाय डावाला दाद आहे. मंगळवेढ्याच्या माणसानं हे वाचलं तर तो भांडायला येणार नाही, फोन करेल.

काहींना वाटतं, हरकत नोंदवली म्हणजे खिलाडूपणा गेला. अजिबात नाही. पंच चुकतात. म्हणून तर कुस्तीत चॅलेंजची सोय ठेवली आहे. प्रशिक्षकाला निर्णय पटला नाही तर तो मऊ ठोकळा मॅटवर फेकतो, चित्रफीत पुन्हा पाहिली जाते, आणि चॅलेंज फसलं तर समोरच्याला एक गुण मिळतो. म्हणजे हरकत घ्यायची किंमत आहे. ती मोजायची तयारी असेल तरच ठोकळा फेकतात.

स्टेटसवर ठोकळा फेकायला काहीच पडत नाही. म्हणूनच तिथं इतके पडतात.

हरकत जिथं ऐकली जाते तिथं ती लेखी द्या, फी भरून द्या, वेळेत द्या. मग मजकुरात एवढंच पुरतं : ‘निर्णयाबद्दल रीतसर तक्रार दिली आहे.’ ज्यानं तक्रार दिलीच नाही आणि रात्रभर अन्याय अन्याय करत बसला, त्याचा अन्याय किती खरा होता हे वाचणाऱ्याला बरोबर समजतं.

सिकंदरचं पुढे काय झालं? त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये फुलगावला पुन्हा महाराष्ट्र केसरी झाली. अंतिम फेरीत समोर शिवराज राक्षे. सिकंदरनं काही सेकंदांत कुस्ती मारली आणि गदा मोहोळला आणली. जानेवारीत ज्यांनी पंचांच्या नावानं पानंच्या पानं लिहिली, त्यांचा त्या गदेत एका गुणाचाही वाटा नव्हता.

आता थोडं मागे जाऊ. तारीख तीच, १४ जानेवारी, साल १७६१. पानिपत. नानासाहेब पेशवे उत्तरेकडे निघालेले होते. वाटेत एका सावकाराची चिठ्ठी त्यांच्या हाती पडली, असं सांगतात. मजकूर असा की दोन मोती गळाले, सत्तावीस मोहरा गेल्या, आणि रुपये-खुर्दा किती गेला त्याची गणती नाही.

दोन मोती म्हणजे विश्वासराव आणि सदाशिवरावभाऊ. मोहरा म्हणजे सरदार. खुर्दा म्हणजे शिपाई. एका ओळीत अख्खं पानिपत.

त्या ओळीत सबब आहे का? थंडी होती, रसद तुटली होती, मदत आली नाही, हे सगळं खरं होतं आणि इतिहासकारांनी ते पुढे सविस्तर लिहिलं. चिठ्ठीत नाही. चिठ्ठीत फक्त काय गेलं ते आहे, आणि मोजता आलं तेवढं मोजून आहे. जे मोजता आलं नाही त्याची ‘गणती नाही’ असं लिहिलं आहे. मराठी माणसाला पराभव कसा लिहावा हे कोणी बाहेरून शिकवायची वेळ यावी?

एवढा पराभव मोत्या-मोहरांत मावला. आणि आपल्याला टेनिस बॉलच्या सेमीफायनलला दीडशे शब्द लागतात, वर तीन सिंह.

अर्थात पानिपतावर विनोद होत नाही. तिथं माणसं गेली. इथं चषक गेला आहे. चषकावर हसता येतं, आणि हसलंच पाहिजे, नाहीतर तो चषक फार मोठा होऊन बसतो.

हसायचं कसं, हे ॲण्डी मरेनं दाखवलं. २०१० ची ऑस्ट्रेलियन ओपन, अंतिम सामना, समोर रॉजर फेडरर. मरे सरळ तीन सेटमध्ये हरला, तिसरा सेट टायब्रेकमध्ये १३–११ पर्यंत ताणून. सगळं ब्रिटन कित्येक दशकं पुरुषांच्या विजेत्याची वाट बघत होतं. पोराला माईकपाशी उभं केलं आणि त्याला रडू फुटलं. सावरून तो जे बोलला त्याचा अर्थ असा : रॉजरसारखं रडता येतं मला, त्याच्यासारखं खेळता येत नाही हेच वाईट.

सारं स्टेडियम हसलं. का हसलं? कारण वर्षभरापूर्वी याच मैदानावर नदालकडून हरल्यावर फेडरर असाच रडला होता, आणि ते सगळ्यांनी पाहिलं होतं. मरेनं आपलं रडू लपवलं नाही, उलट त्याचा धागा विजेत्याशी जोडला. फेडररला कमीपणा नाही, कारण लगेच पुढच्या अर्ध्या वाक्यात त्याच्या खेळाला सलाम आहे. स्वतःची कीवही नाही. खांद्याच्या दुखण्याचा, वाऱ्याचा, प्रेक्षकांच्या आवाजाचा उल्लेख नाही. मुख्य म्हणजे, खोटं काही नाही. तो खरंच रडत होता आणि खरंच हरला होता.

मरेनं तीन वर्षांनी विम्बल्डन जिंकलं. तेव्हा तो काय बोलला हे किती जणांना आठवतं? हरल्यावरचं वाक्य मात्र टेनिसवाल्यांना अजून पाठ आहे.

उलट उदाहरणही आहे. अमेरिकेत डिक टक नावाचा राजकारणातला खोडकर माणूस १९६६ मध्ये कॅलिफोर्नियात निवडणूक हरला आणि म्हणाला, ‘जनतेनं कौल दिला आहे, साल्यांनी.’ वाक्य फक्कड आहे, आजवर सांगितलं जातं. पण शिवी मतदाराला आहे. टकला पुन्हा कुठे मतं मागायची होती? आपल्याकडच्या पडलेल्या नगरसेवकाला पाच वर्षांनी त्याच गल्लीत हात जोडत फिरायचं असतं. त्यानं हा विनोद करू नये.

म्हणजे मुद्दा विनोद करायचा की नाही हा नाहीच. तो कोणावर करायचा हा आहे.

एक नमुना घेऊन बघू. समजा आंतरशालेय कबड्डी. आपल्या मुली ३१–२८ अशा हरल्या. पूर्वार्धात त्यांनी आपल्यावर लोण चढवला, त्याचे दोन गुण जास्तीचे गेले. शेवटची चढाई आपली होती. चढाईवाली बोनस रेषेकडे गेली, पाय टाकला आणि घोट्यात पकड झाली. सामना खल्लास. घरी येताना रिक्षात क्रीडाशिक्षकांनी ग्रुपवर टाकायला मजकूर तयार केला :

‘शेवटच्या क्षणापर्यंत झुंज देऊनही नशिबानं साथ दिली नाही. काही चुकीच्या निर्णयांमुळे विजय हुकला, पण आमच्या वाघिणी खचणार नाहीत. #लढाई_अजून_बाकी_आहे’

याचं काय करायचं? आधी खोडायचं. ‘नशीब’ खोडा. नशिबानं लोण चढवला नाही, समोरच्या सात मुलींनी चढवला. ‘काही चुकीचे निर्णय’ खोडा. कोणते ते माहीत असेल तर तक्रार लिहा, माहीत नसेल तर गप्प बसा. ‘वाघिणी’ खोडा, त्या आठवीतल्या मुली आहेत आणि त्यांना नावं आहेत. ‘झुंज’ ठेवायला हरकत नाही. तीन गुणांनी हरलेल्याला झुंज म्हणता येतं. तीस गुणांनी हरलेल्यानं म्हणू नये.

आता भरायचं काय? समोरच्या शाळेचं नाव. गुण. आणि तो एक क्षण जो सगळ्यांनी पाहिला. बस.

‘३१–२८. अमुक शाळेचं अभिनंदन. त्यांची पकड घोट्याला अजून जाणवते आहे. लोणचं घरी खूप आहे, लोण मात्र तेवढा महागात पडला.’

वाचा आणि ठरवा. मला विचाराल तर शेवटचं वाक्य जाईल. लोण-लोणचं हा खेळ रिक्षात बरा, ग्रुपवर नको. कोटी सुचली म्हणून कोटी टाकली की पराभव बाजूला राहतो आणि लेखकाची हुशारी पुढे येते. घोट्याचं वाक्य मात्र राहू द्या. ते सामन्यातून आलं आहे, शब्दकोशातून नाही.

पण थांबा. घोटा कोणाचा?

इथंच बहुतेकांचा पाय घसरतो. घोटा शेवटच्या चढाईवालीचा आहे. हा मजकूर तिनं स्वतः लिहिला तर तो देखणा आहे. शिक्षकांनी लिहिला तर शंभर पालकांच्या ग्रुपवर एका मुलीकडे बोट दाखवल्यासारखं होतं. ती हसेल. हसावंच लागेल. पुढच्या सामन्यात बोनसला जाताना तिचा पाय अडखळेल तो पकडीमुळे नाही.

स्वतःच्या चुकीवर हसायचा हक्क ज्याची चूक त्याचा. कप्तानानं हसायचं तर आपल्या निर्णयावर, प्रशिक्षकानं हसायचं तर आपल्या आखणीवर. शिक्षकांना विनोद करायचाच असेल तर असा : ‘विश्रांतीत मी शांत राहा असं सांगत होतो. माझा आवाज समोरच्या संघापर्यंत गेला असावा, ते शांत राहिले.’ हे चालतं. मुली हसतील आणि खऱ्या हसतील.

क्रिकेटवाल्यांची अडचण निराळी. त्यांचा पराभव कित्येकदा इतका मोठा असतो की झुंज हा शब्द लिहिताना बोट थरथरावं. समजा पाहुण्या संघानं एप्रिलच्या उन्हात येऊन आपल्याला नऊ गडी राखून झोपवलं. लिहायचं काय? सोलापूरकराला यात अवघड ते काय :

‘नऊ गड्यांनी हरलो. पाहुण्यांचे आठ फलंदाज पॅड बांधून उन्हात बसून राहिले, त्यांची बॅटिंग आली नाही, याबद्दल दिलगीर आहोत. ऊन तेवढं आम्ही भरपूर दिलं.’

गावाचं ऊन सगळ्या महाराष्ट्राला माहीत आहे, म्हणून ते खपतं. पाहुण्यांची थट्टा नाही. आपल्या गोलंदाजांपैकी कोणाचं नाव नाही. आणि निकाल पहिल्या तीन शब्दांत. हे शेवटचं महत्त्वाचं, कारण इन्स्टाग्रामवर लांब मजकुराच्या पहिल्या एक-दोन ओळीच दिसतात, उरलेलं वाचायला बोट लावावं लागतं. निकाल सातव्या ओळीत दडवणाऱ्याचा निकाल कोणालाच दिसत नाही. त्याला तेच हवं असतं.

नाटकवाल्यांबद्दल एकच ओळ. एकांकिका स्पर्धेत बक्षीस न मिळाल्यावर ‘प्रेक्षकांच्या टाळ्या हेच आमचं बक्षीस’ असं लिहिणाऱ्यांनी प्रवेशिका भरताना तसं कळवावं, परीक्षकांचा वेळ वाचेल.

आणि हो, काही पराभवांवर हसू नये. खेळाडू जखमी होऊन सामना सुटला असेल तर नाही. लहान मुलगा पहिल्यांदा स्पर्धेत उतरून पडला असेल तर आईबापांनी त्याच्या वतीनं नाही. आणि शिस्तभंगामुळे बाद झालात तर अजिबात नाही. तिथं माफी लागते, आणि माफीत विनोद कालवला की दोन्ही नासतात.

हे शिस्तभंगाचं उगाच काढलं नाही. २ फेब्रुवारी २०२५, अहिल्यानगर, पुन्हा महाराष्ट्र केसरी. गादी विभागाच्या अंतिम कुस्तीत पृथ्वीराज मोहोळला चितपटीनं विजयी ठरवलं. दोन्ही खांदे टेकलेच नव्हते, असं शिवराज राक्षेचं म्हणणं. म्हणणं होतं तोवर ठीक होतं. पण हात पंचाच्या कॉलरपर्यंत गेला आणि पायानंही काम केलं. मग महाराष्ट्र केसरीची अंतिम कुस्ती, पृथ्वीराजसमोर आपला महेंद्र गायकवाड. थोडे सेकंद उरलेले असताना गुणावरून वाद झाला आणि महेंद्र मैदान सोडून निघून गेला. गदा पृथ्वीराजला. राक्षे आणि गायकवाड दोघांवर तीन वर्षांची बंदी जाहीर झाली.

दोन वर्षांपूर्वी ज्या महेंद्रचा विजय आपण पंचाच्या नावानं हिरावून घ्यायला बघत होतो, तोच आता पंचाच्या नावानं मैदानाबाहेर. आणि आपण काय लिहिलं? तेच. ‘आमचा वाघ.’ ‘हरवलं गेलं.’ फक्त वाघाचं नाव बदललं.

थोडे सेकंद उरले होते. कुस्तीत एवढ्या वेळात काय होऊ शकतं हे ज्यांनी फुलगाव पाहिलं त्यांना सांगायला नको. पंच चुकला असं धरून चाललो तरी ते सेकंद महेंद्रचे होते, आणि ते त्यानं स्वतःच सोडून दिले. पोरगा ताकदीचा आहे, म्हणून हे जास्त लागतं. त्याला त्या क्षणी कोणी मागे ढकलायला हवं होतं मॅटवर. त्याऐवजी बाहेर हजारो अंगठे त्याच्या निघून जाण्याला लाईक देत होते.

चाहत्यांचा मजकूर सामन्यानंतर येतो, पण तो पुढच्या सामन्यात खेळतो. मोबाईल बघून वाढलेल्या पैलवानाला ठाऊक असतं की हरून हात मिळवला तर स्टेटसला चार बदाम, आणि राडा केला तर गावभर फ्लेक्स. पोरानं काय निवडावं अशी आपली अपेक्षा आहे?

म्हणून मजकूर टाकून काम संपत नाही. खरं काम खाली सुरू होतं, प्रतिक्रियांत. तुम्ही ‘महेंद्र जिंकला, टांग जोरात लागली’ असं नेटकं लिहिलंत. दहा मिनिटांत पहिला भाऊ येतो : ‘दादा तुम्ही मोठ्या मनाचे, पण तो पंच…’ आणि पुढे तीन टिंबं. दुसरा येतो आणि टिंबं भरतो. तिसरा पंचाचं गाव शोधून काढतो. चौथ्याकडे त्याचा नंबर असतो.

कोथरूडचा धमकीचा फोन असाच कुठूनतरी निघाला असणार. नंबर आभाळातून पडत नाहीत.

तेव्हा मजकूर टाकणाऱ्यानं तासभर जागं राहायचं. पहिली तीन टिंबं दिसली की लगेच खाली लिहायचं : ‘पंचांवर बोलायचं असेल तर माझ्याशी फोनवर बोल, इथं नको.’ शिवी आली की उडवायची, विचारत बसायचं नाही. आपलाच माणूस आहे, राग येईल, उद्या कट्ट्यावर चहा पाजायचा. आणि समोरच्या गटातला कोणी अभिनंदन स्वीकारायला आला तर त्याला वर पिन करायचं, म्हणजे उघडल्या उघडल्या दोन्ही पैलवानांची माणसं एकमेकांशी नीट बोलताना दिसतील.

एक तास. तेवढा वेळ देता येत नसेल तर फोटो टाका, निकाल टाका, विजेत्याचं नाव टाका आणि प्रतिक्रिया बंद ठेवा. सेटिंगमध्ये सोय आहे.